पहिलीचा वर्ग, कोरकू मुलं आणि मराठीचं पुस्तक

(दृश्य: धारणी तालुक्यातली जिल्हा परिषदेची दोनखोल्यांची शाळा. पावसाळा.)

मूल शाळेत दाखल झालं की त्याचं नाव जनरल रजिस्टरात चढतं. तिथे एक रकाना मातृभाषेचा असतो. मेळघाटात, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, त्या रकान्यात अनेकदा वरपासून खालपर्यंत 'मराठी' लिहिलेलं दिसतं. यातली बहुतेक मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळी आणि मुंडारीच्या नात्यातली. मराठी तिच्या कुळातली नाही. रजिस्टरात 'मराठी' पडलं की पुढच्या प्रत्येक अहवालात या वर्गाची अडचण दिसेनाशी होते.

धोरणात मातृभाषा नाही असं नाही. घटनेच्या कलम ३५०-क मध्ये ती १९५६ पासून आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर किमान पाचवीपर्यंत, आणि जमलं तर आठवीपर्यंत, त्याच भाषेत शिकवा म्हणतं. पण तिथे घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा आणि प्रादेशिक भाषा ही चारही नावं एका रांगेत ठेवली आहेत, आणि सोबत 'शक्य असेल तिथे' ही सवलत आहे. त्यामुळे मराठी माध्यमाची शाळा मेळघाटातही धोरणात चपखल बसते. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्यावरून राज्यभर वाद पेटला आणि २९ जूनला सरकारने त्याबाबतचे आपले दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. त्या सगळ्या चर्चेत मराठी ही प्रत्येक मुलाची पहिली भाषा धरली होती. कोरकू मुलासाठी ती दुसरी आहे, आणि धारणीच्या बाजारातली हिंदी त्याच्या कानावर मराठीच्या आधीही पडलेली असू शकते.

(दृश्य: वर्ग. पहिली-दुसरी एकत्र बसलेली.)

आता एक वर्ग डोळ्यांपुढे आणू. शाळेचा पट साठच्या आत, म्हणून कायद्याप्रमाणे शिक्षक दोन. एका शिक्षकाकडे पहिली आणि दुसरी मिळून सतरा मुलं. त्यांतली बारा कोरकू बोलणारी, तीन गवळ्यांच्या घरची, दोन हिंदी बोलणारी. गुरुजी अकोल्याकडचे, कोरकू न येणारे. 'मातृभाषेतून शिकवा' हा आदेश या खोलीत आला, तर पहिला प्रश्न येतो: कोणाच्या?

बिघाड कुठे होतो, ते वाचनात दिसतं. निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचावेत असं लक्ष्य आहे. कोरकू मूल अक्षरं शिकतं, काना-मात्रा जोडतं, वेगही गाठतं. कागदावर ते 'वाचतं'. अर्थ मात्र कळलेला नसतो. प्रश्न विचारला तर ते प्रश्नातलाच शब्द धड्यात शोधून ती ओळ म्हणून दाखवतं, आणि उत्तर बरोबर धरलं जातं.

हे ओळखायचं असेल तर उत्तर मागू नका, कृती मागा. फळ्यावर लिहा, 'पाटी दाराजवळ ठेव.' मूल खडखडीत वाचून जागच्या जागी उभं राहिलं, तर वाचन अजून ओठांवरच आहे. दुसरी खूण म्हणजे ओळखीच्या गोष्टीत मुद्दाम 'बैल झाडावर चढला' असं वाक्य घालायचं. अर्थ कळणारं मूल तिथे अडखळतं किंवा हसतं. न कळणारं त्याच चालीत पुढे जातं.

मग मूल 'दोन दगड पडला' म्हणतं आणि वहीत लाल रेघ येते. ही चूक निष्काळजीपणाची नाही. कोरकूत सजीवांना एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन असतं. दोघांसाठी वेगळा प्रत्यय, अनेकांसाठी वेगळा. निर्जीव वस्तूंना असा प्रत्यय सहसा लागत नाही. आणि मराठीसारखी तीन लिंगं कोरकूत नाहीत, म्हणून 'गाय आला' हेही ओघाने येतं. अशी वाक्यं पहिली दोन वर्षं तोडू नयेत. गुरुजींनी तेच वाक्य बरोबर रूपात म्हणून पुढे जावं: 'हो, दोन दगड पडले.' दर वाक्याला अडवलेलं मूल बोलणंच थांबवतं, आणि मग त्याचं नेमकं कुठे अडतं हे कोणालाच कळत नाही.

(दृश्य: अंगणवाडी सेविका मुलांना चित्र दाखवत आहे.)

आमच्या मते कोरकू माध्यमाच्या पुस्तकांची वाट पाहत बसण्यापेक्षा याच वर्गात कामाचा क्रम बदलावा. आधी अर्थ घरच्या भाषेत, मग तोच अर्थ मराठीत.

रोजचा पहिला अर्धा तास एका चित्राला द्यायचा. आठवडाभर चित्र तेच. सोमवारी आणि मंगळवारी त्यावर बोलणं पूर्ण कोरकूत. बोलणारी माणसं गावातच आहेत: अंगणवाडी सेविका, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, चौथीतली मुलं. गवळ्यांची आणि हिंदी बोलणारी मुलं आपापल्या भाषेत बोलतील, त्यांना अडवायचं नाही. बुधवारपासून तीच गोष्ट गुरुजी मराठीत सांगतात, हावभाव करून, थोड्या शब्दांत.

इथे एक चूक फार होते. चौथीतल्या मुलाला शेजारी उभं करून एक वाक्य मराठीत, लगेच त्याचं कोरकू, असा कार्यक्रम सुरू होतो. चार दिवसांत लहान मुलं मराठी वाक्याकडे कान देणं सोडतात, कारण त्यामागून कोरकू येणारच असतं. म्हणून पूर्ण गोष्ट एका भाषेत झाल्यावरच दुसरी भाषा.

अक्षरांचंही तसंच. ड, र, ज, म, उ, काना आणि ओकार, ही सात चिन्हं आधी घेतली तर कोरकूतले 'डा' म्हणजे पाणी, 'उरा' म्हणजे घर आणि 'जोम' म्हणजे खाणं हे शब्द लिहिता येतात. त्याच चिन्हांत मराठीचे मोर, मजा, राजाही बसतात. अक्षर म्हणजे बोललेल्याची खूण, हे मुलाला आपल्याच शब्दावर कळतं, मग ते मोराकडे वळतं. कोरकूचे सगळे उच्चार देवनागरीत नेमके बसत नाहीत आणि बोलही भागाभागांत बदलतो, म्हणून शब्द फळ्यावर जाण्याआधी गावातल्या दोघा-तिघांना म्हणायला लावून पाहावेत.

(दृश्य: दिवाळीनंतरचा वर्ग. पट निम्मा.)

सगळ्यात मोठी मर्यादा वेळेची. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात आणि काही थेट होळीला परततात. म्हणजे पहिलीच्या मुलाच्या हातात सलग असे साधारण सोळा आठवडे. त्यांतले पहिले सहा निव्वळ बोलण्याला दिले की जुलैअखेरच्या भेटीत केंद्रप्रमुखांना वह्या कोऱ्या दिसतात आणि गुरुजींकडे खुलासा मागितला जातो. या सहा आठवड्यांत किती मुलं तोंडी सूचनेवर कृती करू लागली, याची नोंद तारखेनिशी ठेवली तर दाखवायला पुरावा राहतो. गुरुजींची बदली झाली तर नव्या शिक्षकाला हीच वही उपयोगी पडते. त्या वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक मुलासमोर घरी बोलली जाणारी भाषा लिहावी, आईला विचारून. आणि जनरल रजिस्टरातला रकानाही नव्या प्रवेशापासून तसाच, विचारून भरावा.