पिन टाकताना तुमचा डावा हात कुठे असतो?

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण, संपादित)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'एटीएमवर कार्ड घालण्याआधी काय तपासावं'. ते सांगणारच आहे. पण आधी माझ्या मावशीची गोष्ट ऐका, कारण तिच्यापायी हा विषय माझ्या डोक्यात बसलाय. मी अठरा वर्षं एटीएम दुरुस्तीचं काम केलं. यंत्रं उघडली, साफ केली, कार्ड वाचणारे भाग बदलले. आणि माझ्याच घरातलं माणूस एटीएमवर कार्डाची नक्कल करणाऱ्या चोरांच्या तावडीत सापडलं.

2018 चा पावसाळा. मावशी पेन्शनर, कार्ड जुनं, चिप नसलेलं. शनिवारी संध्याकाळी तिने भाजी मंडईजवळच्या एटीएममधून दोन हजार काढले. पैसे आले, पावती आली, काही खटकलं नाही. सोमवारी सकाळी चष्मा लावून मोबाइल बघते तर चार मेसेज. रविवारी रात्री 11:52 आणि 11:54 ला दहा दहा हजार, मग 12:03 आणि 12:05 ला पुन्हा दहा दहा हजार. ही वेळ नीट बघा. तिच्या कार्डाची रोजची मर्यादा वीस हजार होती आणि ती मध्यरात्री नव्याने सुरू व्हायची. चोराने मध्यरात्र मधोमध धरली आणि एका बैठकीत दोन दिवसांचे पैसे काढले. कार्ड मात्र मावशीच्या बटव्यात होतं.

ती तशीच उठून बँकेत गेली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आजी, पिन बरोबर पडलाय. म्हणजे तुम्हीच कुणाला तरी सांगितला असणार." घरात बाई कामाला येते का, नातू काय करतो, असं विचारत बसले. मावशी घरी येऊन रडली ती पैशांसाठी नव्हे. तिच्या नातवावर बोट दाखवलं म्हणून रडली. मला त्या वाक्याचा आजही राग आहे. बरोबर पिन पडला याचा अर्थ एवढाच की चोराला पिन माहीत होता. तो त्याला कसा कळला, हा प्रश्न तिथे सुरू होतो.

मी त्या एटीएमवर गेलो. कार्डाच्या खाचेवर काही नव्हतं. असणारच नव्हतं, कारण चोर कार्ड वाचणारी वस्तू आणि छोटा कॅमेरा काही तासांसाठी लावतात आणि काढून नेतात. कॅमेऱ्याची बॅटरी तरी किती पुरणार? मग मी कीपॅडच्या वरच्या कडेखालून बोट फिरवलं आणि बोट चिकटलं. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा डिंक, वीतभर लांब, सरळ रेषेत. त्यावर धूळ आणि एक मेलेली माशी. शेजारच्याच यंत्रावर तीच कडा हाताने पाहिली, स्वच्छ गुळगुळीत. म्हणजे तिथे एक खोटी पट्टी चिकटवलेली होती, आणि असल्या पट्टीत टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं, थेट आकड्यांकडे रोखलेलं.

आता यामागचं काम समजून घ्या. तुमच्या कार्डामागच्या काळ्या पट्टीवर कार्डाचा नंबर, मुदत आणि एक पडताळणीचा आकडा असतो. जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट वाचणारं जे डोकं असायचं, तसलंच डोकं चोर खाचेवर बसवतात त्या वस्तूत, म्हणजे स्किमरमध्ये, असतं. कार्ड आत सरकताना ते पट्टी वाचून घेतं. ती माहिती कोऱ्या कार्डावर उतरवली की नक्कल तयार. पण पट्टीवर पिन नसतो! पिनशिवाय त्या नकलेला एटीएममधून एक नोट निघणार नाही. म्हणून चोराला दोन गोष्टी लागतात, पट्टी आणि पिन, आणि दुसरीसाठी त्याला कॅमेरा लावावा लागतो. 2016 साली तिरुवनंतपुरममध्ये रुमानियाच्या टोळीने हेच केलं. एटीएमच्या छताला धूर ओळखणाऱ्या यंत्रासारखी दिसणारी डबी लावली, आणि नंतर पैसे काढले ते आपल्या मुंबईत. त्यांतला एक मुंबईतच पकडला गेला.

सगळे लोक खाच ओढून बघा म्हणतात. बघा, जरूर बघा. पण हल्लीचे काही स्किमर पत्र्यासारखे पातळ असतात आणि खाचेच्या आत बसतात. ते मलासुद्धा बाहेरून दिसत नाहीत. मला यंत्र उघडावं लागायचं. पट्टी चोरीला जाणं तुम्ही दर वेळी थांबवू शकणार नाही. पिन मात्र बहुतेक वेळा वाचवू शकता, आणि माझा सगळा जोर त्यावर आहे.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. मग छापलेला विषय आता भराभर घेतो.

आत गेल्यावर कार्ड काढण्याआधी कीपॅडवर बोटं ठेवा आणि तिथून वर, बाजूला बघा. ज्या ज्या जागेतून तुमची बोटं दिसतात, तिथेच कॅमेरा असू शकतो: वरची कडा, पडद्याची बाजू, पत्रकं ठेवायचा डबा, दिव्याची पट्टी. तिथे बोट फिरवा. चिकट लागलं, रंग जरा वेगळा वाटला, किंवा उगाच भोक दिसलं, तर निघा.

मग खाचेचं तोंड चिमटीत धरून हलवा. खरं तोंड आतून बोल्टने आवळलेलं असतं, तसूभर हलत नाही. बऱ्याच यंत्रांत खाचेभोवती हिरवा दिवा लुकलुकतो; तो झाकल्यासारखा दिसला तर शंका घ्या. कार्ड नेहमीपेक्षा घट्ट जात असेल तर रेटू नका. कीपॅडची कड नखाने उचलून बघा. खोटा कीपॅड खऱ्यावर बसवलेला असतो, म्हणून तो जरा उंच वाटतो आणि कळा मऊ लागतात. हे तपासायलाच हवं, कारण खोटा कीपॅड असेल तर हात झाकूनही उपयोग नाही.

आणि पिन टाकताना डावा तळहात आकड्यांवर छपरासारखा धरा, अगदी जवळ. वितभर वर धरलात तर बाजूने दिसतं. मागे कुणी नसलं तरी धरा.

काही सुटं निघालंच तर ते खिशात घालू नका. बाहेर या आणि बँकेला व 112 ला फोन करा. लावणारा आसपास असू शकतो, तेव्हा तिथे एकटे थांबू नका.

कुणीतरी विचारतंय, चिपचं कार्ड असल्यावर भीती कशाला? 2018 अखेर चिपची सक्ती झाल्यावर धोका पुष्कळ कमी झाला, कारण चिपची नक्कल होत नाही. पण कार्डामागे पट्टी अजून आहे, आणि पट्टीवर चालणारी यंत्रं परदेशात आहेत. बँकेच्या ॲपमध्ये 'परदेशातील वापर' बंद करा, रोजची मर्यादा खाली आणा. 2020 पासून ही सोय बँकांना द्यावीच लागते.

पैसे गेलेच तर लगेच कार्ड बंद करा, 1930 ला फोन करा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. मावशीच्या वेळी लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकात होतं की, चूक ना बँकेची ना तुमची, आणि तुम्ही मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भुर्दंड शून्य. चूक तुमची आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. मी ते परिपत्रक छापून घेतलं, ती ओळ लाल पेनने अधोरेखित केली आणि मावशीबरोबर त्याच काउंटरवर गेलो. चाळीस हजार परत आले. नातवाबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही.