सामन्याआधीचा सामना

नमस्कार श्रोतेहो. 'लीग ऑफ लेजेंड्स' या व्हिडिओ गेमचा मोठा सामना तुम्ही कधी पाहिला असेल, तर सुरुवातीला मैदान दिसतच नाही, हे लक्षात आलं असेल. पडद्यावर नुसते चेहरे येत-जात असतात, आणि खेळाडूंच्या मागे कानाला हेडफोन लावलेले प्रशिक्षक वही घेऊन फेऱ्या मारत असतात. नवा प्रेक्षक या वेळात चहा करून येतो. मी म्हणेन, चहा आधीच करून ठेवा. ही ड्राफ्टची वेळ असते. कोणता संघ कोणते पाच चॅम्पियन, म्हणजे गेममधली पात्रं, घेऊन उतरणार आणि कोणते कोणालाच मिळणार नाहीत, हे इथे ठरतं.

क्रम समजला की निम्मं गणित समजतं. एक बाजू निळी, दुसरी लाल. 2025 पर्यंत पहिली निवड निळ्याचीच असे, तोच क्रम इथे सांगतो. आधी आळीपाळीने प्रत्येकी तीन चॅम्पियनवर बंदी. मग निळा संघ एक निवडतो, लाल दोन, निळा दोन, लाल एक. इथे प्रत्येकाचे तीन झाले. मग पुन्हा प्रत्येकी दोन बंद्या. त्यानंतर लाल एक, निळा दोन आणि अगदी शेवटी लाल एक. म्हणजे सगळ्यात ताकदवान मोहरा पहिल्यांदा उचलायची संधी निळ्याला मिळते, आणि समोरचे पाचही पत्ते पाहून उत्तर देण्याची संधी लालला.

खरी गंमत यातच आहे. प्रत्येक निवडीने संघाला एक चॅम्पियन मिळतो, पण त्याच वेळी आपला बेतही थोडा उघडा पडतो. म्हणून सुरुवातीला असा चॅम्पियन घेतात, जो दोन-तीन जागी खेळू शकतो. त्याला फ्लेक्स पिक म्हणतात. तो मैदानातल्या मधल्या लेनमध्ये, म्हणजे वाटेवर, जाणार की वरच्या, हे कळेपर्यंत समोरच्याला नेमका तोड देता येत नाही.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे ऑक्टोबर 2016 मधली विश्वस्पर्धेची उपांत्य फेरी. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन आणि दोन कोरियन संघ, एसकेटी आणि रॉक्स टायगर्स. त्या स्पर्धेत झायरा या चॅम्पियनचा मोठा दबदबा होता. ती जमिनीतून काटेरी झाडं उगवते आणि ती झाडं समोरच्याला लांबूनच भाजून काढतात. अशा चॅम्पियनवर सरळ बंदी घालायची, ही नेहमीची वाट. रॉक्सने एसकेटीला झायरा घेऊ दिली आणि उत्तरादाखल मिस फॉर्च्यून उचलली. मिस फॉर्च्यून ही बंदूकधारी, मुख्य मारा करणारी. पण तो मारा करायला त्यांनी अ‍ॅश घेतली आणि मिस फॉर्च्यून दिली गोरिला या खेळाडूला, म्हणजे सपोर्ट खेळणाऱ्याला, ज्याचं काम मारा करणाऱ्याला साथ देण्याचं! तिची एक गोळी पहिल्या लक्ष्याला लागून मागच्याला जाऊन लागते. त्यामुळे झायराची झाडंच तिच्यावर उलटली. त्यात अ‍ॅशच्या बाणाने कोणी जागच्या जागी खिळला की मिस फॉर्च्यूनच्या गोळ्यांच्या वर्षावातून त्याला निसटता येत नव्हतं. रॉक्सने दुसरा आणि तिसरा गेम जिंकला.

तरीही मालिका एसकेटीने 3-2 अशी खेचून घेतली. चौथ्या गेमला त्यांनी लेनच्या मधल्या जंगलात खेळणारा माणूसच बदलून बेंगीला आणलं आणि त्याने निडाली ही चॅम्पियन घेतली. निवडीच्या यादीत माणूस दिसत नाही, पण कोण काय खेळू शकतो यावरच ती यादी उभी असते. कागदावर देखणा ड्राफ्ट हातांना झेपला नाही, तर त्याचा उपयोग नाही.

बिघडलेला ड्राफ्ट ओळखायचा कसा? पाचही जणांचा मारा शारीरिक असेल, तर समोरचे फक्त चिलखत विकत घेऊन निर्धास्त होतात. लढाई सुरू करणारा कोणी नसेल, तर संघ मैदानातल्या ड्रॅगनभोवती घुटमळत राहतो आणि वेळ हातचा जातो.

दुसऱ्या टप्प्यातल्या बंद्या 2017 मध्ये आल्या. त्याआधी प्रत्येकी तीनच असत आणि त्या सगळ्या सुरुवातीलाच संपत. आता तीन निवडींनंतर समोरच्याची मधली लेन रिकामी दिसली, की उरलेल्या दोन्ही बंद्या त्या खेळाडूच्या हातखंडा चॅम्पियनवर टाकतात. बिचाऱ्याला तिसऱ्या पसंतीचा घेऊन उतरावं लागतं.

आणि 2025 पासून मोठ्या स्पर्धांत फिअरलेस ड्राफ्ट आला. मालिकेत एकदा खेळलेला चॅम्पियन पुन्हा कोणत्याच संघाला घेता येत नाही. पाचव्या गेमपर्यंत 40 चॅम्पियन बाद झालेले असतात. हा नियम 2016 मध्ये असता, तर मिस फॉर्च्यून एकदाच चालली असती. पण मग झायराही एकदाच आली असती, आणि त्या उत्तराची दुसऱ्यांदा गरजच पडली नसती.