प्लेटिंगला गेलेले हजार नग: लहान कारखान्याने सॉफ्टवेअर कसे निवडावे
(लघुउद्योजकांपुढील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सॉफ्टवेअर विकणारा आला की पहिल्यांदा डॅशबोर्ड दाखवतो. त्याला म्हणायचं, ते राहू दे, माझी एक ऑर्डर यात घालून दाखव. आज मी तशीच एक ऑर्डर घेतो आणि भाड्याचं तयार सॉफ्टवेअर, ओपन-सोर्स ईआरपी आणि खास बनवून घेतलेली सिस्टिम अशा तिन्ही पर्यायांतून फिरवतो.

समजा, २० मिमी व्यासाची, ८० मिमी लांबीची पोलादी पिन आहे. ऑर्डर १,००० नगांची. रिजेक्शन धरून आपण १,०२० बनवल्या आणि झिंक प्लेटिंगला पाठवल्या. एक पिन साधारण १९७ ग्रॅमची, म्हणजे माल झाला सुमारे २०१ किलो. आपण चलान नगांवर केलं, प्लेटिंगवाला मात्र वजनावर घेतो आणि बिलही किलोवरच लावतो. आधी ६०० नग परत आले, ते ग्राहकाला गेले. मग ३९५ आले, तेही गेले. राहिले २५. त्यांतल्या १० नगांचं प्लेटिंग उडालंय, ते पुन्हा करायचेत. उरलेल्या १५ नगांचा पत्ता नाही. १५ नग म्हणजे जेमतेम तीन किलो, वजनकाट्यावर कुणाच्या लक्षातही येत नाहीत. तिकडे ग्राहक उरलेल्या पाच पिनांसाठी फोन करतोय.

सिस्टिमला विचारायचा प्रश्न एवढाच: प्लेटिंगवाल्याकडे आज माझं काय बाकी आहे, आणि कुठल्या चलानावर?

आधी महिन्याच्या भाड्याचं तयार सॉफ्टवेअर घेऊ. ऑर्डर, बिल, ई-वे बिल, स्टॉक हे त्यात बहुधा नीट असतं. जीएसटीचे दर बदलले, २२ सप्टेंबर २०२५ ला बदलले तसे, तरी त्याची चिंता कंपनी करते. पण अशा बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये जॉबवर्कचं चलान म्हणजे फक्त छापायचा कागद असतो. माल गेला हे कळतं, पण परत आलेला माल त्याच चलानातून वजा होत नाही. मग स्टोअरवाला शेजारी एक्सेल उघडतो. डेमोत हीच जागा पकडा. ६०० आणि ३९५ अशा दोन आवका घालायला लावा आणि बाकी २५ दिसते का बघा. दिसली, आणि तुमचं बाहेरचं काम एकाच टप्प्याचं असलं, तर पुढे शोधू नका, हेच घ्या.

दुसरा पर्याय ओपन-सोर्स ईआरपी. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे त्यातलं आपल्याकडचं ठळक नाव. यात पुरवठादाराचं वेगळं गोदाम धरून बाकी ठेवता येते, म्हणजे आपला प्रश्न सुटतो. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. प्लेटिंगआधीची पिन आणि नंतरची पिन असे दोन आयटम कोड करावे लागतात आणि एकातून दुसरा होतो हे सांगणारा बीओएमही लागतो. हार्डनिंग, ग्राइंडिंग, प्लेटिंग असे तिन्ही टप्पे बाहेर असतील तर एका पिनेचे चार कोड झाले. असे ३०० पार्ट असले की मास्टर भरता भरता नाकी नऊ येतात. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी ते मास्टर सांभाळणारा माणूस घरातलाच लागतो. सल्लागार सेटअप करून निघून जातो, आणि पहिला नवा पार्ट आला की कुणीतरी कोड न करता माल पाठवतो. स्टॉक तिथपासून खोटा व्हायला लागतो.

तिसरा पर्याय, आपल्यासाठी खास बनवून घेतलेली सिस्टिम. स्क्रीन आपल्या चलानासारखी दिसते, म्हणून कामगार पटकन शिकतात. शिवाय नग आणि किलो दोन्ही शेजारी दाखवून वजनात फरक पडला की लाल करा, असं हक्कानं सांगता येतं. पण खातेवही आणि बिलिंग तिच्यात घालू नका, असं माझं ठाम मत आहे. एक तर कर बदलला की त्याच प्रोग्रॅमरला शोधत बसा. दुसरं, तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. हे नव्यानं लिहून घ्यायला कशाला पैसे घालवायचे? बिलं टॅलीत राहू देत. बनवून घ्यायचीच झाली तर फक्त बाहेर गेलेल्या मालाची वही बनवून घ्या, आणि सोर्स कोड व डेटाबेसचा पासवर्ड आपल्या ताब्यात येईल असं करारात लिहून घ्या.

पंचवीस माणसांच्या शॉपला मी बहुधा पहिला पर्याय सांगतो. बाहेरचे टप्पे तीन-चार असले आणि घरात कुणीतरी रोज तासभर डेटा बघणारं असलं, तर दुसरा.

काहीही घेतलंत तरी सुरुवातीच्या दिवशी एक चूक हमखास होते. शॉपमधला स्टॉक मोजून भरतात, आणि बाहेर पडलेला माल एकाच ओपनिंग एंट्रीत, त्या दिवसाच्या तारखेनं टाकतात. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धा तयार माल एका वर्षात परत यावा लागतो. नाही आला, तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. हे वर्ष मूळ चलानापासून मोजलं जातं, आपल्या नव्या सॉफ्टवेअरच्या तारखेपासून नाही. म्हणून प्रत्येक जॉबवर्करकडून बाकीची यादी सहीनिशी मागवा, आणि एकेक चलान जुन्या नंबरासकट, जुन्या तारखेनंच भरा.