मोठी अक्षरं नसलेल्या लिपीत जोर कसा द्यायचा?

रोमन लिपीत साध्या मजकुरात एखाद्या शब्दावर जोर द्यायचा, तर तो अख्खा मोठ्या अक्षरांत टंकला की झालं. देवनागरीत लहान आणि मोठा असे दोन 'क' नाहीतच. एसएमएसमध्ये ठळक ठसाही मिळत नाही. मग जोर वाक्यातच बसवावा लागतो.

एकच वाक्य घेऊ : 'मी काल पैसे दिले.' आता शब्द हलवा. 'पैसे मी काल दिले' म्हटलं की मुद्दा 'कधी' हा होतो. 'पैसे काल मी दिले' म्हटलं की 'कोणी' हा होतो. क्रियापदाच्या लगेच आधीची जागा मराठीत वजनाची. ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेलं वाक्याच्या सुरुवातीला सरकतं. 'दिले मी पैसे काल' अशी सुरुवात केली, तर 'पुन्हा विचारू नका' हा वैतागही ऐकू येतो. तेवढ्याने भागलं नाही तर 'पैसे दिले ते मी' अशी वाक्याची फोड करता येते. 'ते' आलं की पुढचा शब्द दुर्लक्षित राहूच शकत नाही.

दुसरं हत्यार म्हणजे 'च'. 'मीच दिले' म्हणजे दुसऱ्या कोणी नाही. 'दिलेच' म्हणजे नको नको म्हणत असतानाही. पण हा 'च' जपून वापरावा. 'मी कालच पैसे दिले' यात 'काल, दुसऱ्या दिवशी नव्हे' हा अर्थ आहे, तसाच 'अहो, आत्ता परवा-परवा' हाही. बोलताना सूर निवाडा करतो, लिहिताना तो नसतो. तिथे सरळ 'काल दिले, आज नाही' असं लिहावं. नकारात तर आणखी गंमत : 'मीच पैसे दिले नाहीत' म्हणजे बाकीच्यांनी दिले, 'मी पैसेच दिले नाहीत' म्हणजे मुळात देणंच झालं नाही. आणि 'मीच कालच पैसेच दिले' असा तिहेरी मारा केला, तर नेमकं काय महत्त्वाचं ते वाचणाऱ्याला कळत नाही.

द्विरुक्ती सर्वांत सोपी वाटते, पण फसवी आहे. 'नको नको' मध्ये जोर आहे. 'मोठी मोठी घरं' मध्ये मात्र घरं अनेक आहेत हेही आलं, आणि 'येतो येतो' हे तर बऱ्याचदा टाळणं असतं. निर्धार हवा तर मध्ये 'म्हणजे' घाला : 'नाही म्हणजे नाही.' इथे उलटा अर्थ निघायला जागा नाही.

उरलं लांबवणं. 'खूप' मधला ऊकार दोनदा टंकला, तर काही ठिकाणी दुसऱ्या ऊकाराच्या वर तुटक रेषांचं वर्तुळ दिसतं, कारण एका व्यंजनाला एकच स्वरचिन्ह लागतं. त्याऐवजी अवग्रह वापरावा : 'खूऽऽप'. तो स्वतंत्र अक्षर म्हणून बसतो, कितीही वेळा टंकला तरी.