कलपाचा डाग: आधी धुणं, मग ब्लीच

मंडळी, कलपाच्या डागावरचे उपाय तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहेत. टूथपेस्ट, खायचा सोडा, नेलपॉलिश रिमूव्हर, ब्लीच. यातले बरेच चालतात. घोळ होतो तो क्रमाचा. एकच उपाय आज डाग घालवतो आणि उद्या तोच डाग पक्का करतो. असं का होतं, ते समजायला हा रंग जन्माला कसा येतो ते पाहू.

टिकाऊ कलपात, मग तो क्रीमचा असो की पाण्यात कालवायच्या पुडीचा, काळा रंग तयार नसतो. त्यात बहुधा पीपीडी नावाचं रसायन किंवा त्याच्याच भावकीतलं एखादं असतं. त्याचे रेणू लहान, केसाच्या आत शिरतील इतके, आणि जवळजवळ बिनरंगी. क्रीमबरोबरच्या दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. पुडीत ते काम करणारी पावडर आधीच मिसळलेली असते. एकत्र आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात लहान रेणूंचे मोठे, गडद रेणू होतात आणि आतल्या आत अडकून बसतात. दुधाचं दही लागावं तसं हे आहे. एकदा लागलं की परत दूध नाही.

तुम्ही डोक्याला कलप लावून आरशासमोर बसलेले असता, तेव्हा बेसिनवर पडलेल्या थेंबातही हेच चाललेलं असतं. म्हणून थेंब पडला की लगेच ओल्या कागदाने टिपा आणि भांड्याच्या लिक्विडने धुवा. डोकं धुऊन झाल्यावर बघू म्हणालात, तर तोवर तो पक्का झालेला असतो.

पुडीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पुडी फोडताना भुकटी उडते, ती दिसतही नाही. ओलावा लागला की जिथे काहीच सांडलं नव्हतं तिथे बारीक काळे ठिपके उमटतात. तिथलं कोरडं असतानाच कोरड्या कागदाने पुसून घ्या, मग ओलं फडकं.

आता क्रमाकडे येऊ. ताज्या डागावर पेरॉक्साइड किंवा ‘ऑक्सिजन’वाली धुण्याची पावडर टाकली, तर अर्धवट राहिलेल्या रसायनाला आपण खाद्यच पुरवतो आणि डाग गडद होतो. ब्लीचही सुरुवातीला तसंच करू शकतं. शिवाय पुष्कळ क्रीममध्ये अमोनिया असतो. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की डोळ्याला आणि छातीला झोंबणारा विषारी वायू निघतो. म्हणून आधी साबणाने सगळं धुऊन काढायचं, भरपूर पाणी ओतायचं आणि जे उरेल त्यालाच ब्लीच. संडास धुण्याचं ॲसिड तर ब्लीचच्या जवळही आणू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो. बंद न्हाणीघरात ‘दोन्ही थोडं थोडं टाकलं’ म्हणणाऱ्यांनी इस्पितळ पाहिलेलं आहे.

मघाशी एका ताईंनी त्यांच्या भाड्याच्या घरातली अडचण सांगितली, तीच घेऊ. भिंतीला पांढऱ्या टाइल्स, कलप सांडून दोन दिवस झालेले. टाइलवर तपकिरी ओघळ आणि दोन टाइल्समधल्या सांध्यात काळी रेघ. टाइलचा चकचकीत थर काचेचाच असतो, रंग त्याच्या आत जात नाही. मग ओघळ का बसला? कारण त्यावर साबणाचा आणि जड पाण्याचा चिकट थर चढलेला असतो आणि रंग त्या थरात मुरलेला असतो. म्हणून भांड्याचं लिक्विड आणि खायचा सोडा यांची पेस्ट मऊ स्पंजने घासा. थर निघतो, त्याच्याबरोबर ओघळही. काही उरलंच तर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवा. मात्र न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर तो बंद करून, कारण हे औषध लगेच पेट घेतं. प्लास्टिकच्या आणि ॲक्रिलिकच्या वस्तूंना ते लावू नका, त्या विरघळून खराब होतात.

खरी लढाई सांध्यातल्या सिमेंटशी. तिथे पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. मण्यासारखा वर राहिला तर सांध्यावर संरक्षक लेप आहे, डाग वरवरचा असणार. थेंब जिरून सिमेंट गडद झालं तर रंगही तसाच आत गेलेला आहे. मग घासून उपयोग नाही, सिमेंटच झिजतं. आत गेलेल्या रंगापर्यंत ब्लीच पोचायला वेळ द्यावा लागतो आणि उभ्या भिंतीवर ते क्षणात ओघळतं. यासाठी पांढऱ्या टिश्यूची सुरळी करा. घरातलं पातळ ब्लीच एक भाग, पाणी चार भाग, त्यात ती भिजवून सांध्यावर चिकटवा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, काढा, भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि अंगात जुने कपडे. रेघ फिकी झाली पण गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी परत. दोन-तीनदा करूनही ती तशीच राहिली, तर सांधा वरून खरवडून नवं ग्राउट भरणं हाच मार्ग, आणि तो तसा महागही नाही.

बेसिनलाही हेच सगळं लागू. फक्त पाणी जायच्या जाळीभोवतीच्या स्टीलसारख्या चकचकीत कडीवर ब्लीच साचू देऊ नका, तिचा मुलामा जातो. आणि तारेची घासणी नकोच. तिचे करडे चरे चिनीमातीवर राहतात आणि पुढचा डाग त्यात आणखी खोल बसतो. जुन्या बेसिनच्या चकाकीत केसासारख्या भेगा पडलेल्या असतात. डाग जाळीसारखा दिसत असेल तर तो त्या भेगांत आहे, आणि तो पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही.

आता टॉवेल. ओल्या डागाला चोळू नका. उलट्या बाजूने नळ सोडा, म्हणजे रंग आलेल्या वाटेने बाहेर पडतो. मग लिक्विड साबण लावून अर्धा तास. पाणी स्वच्छ येऊ लागलं की पुढचं पाऊल. पांढरा सुती टॉवेल असेल तर ऑक्सिजन ब्लीच पावडर, अंघोळीपेक्षा जरा कढत पाण्यात, रात्रभर. पाणी कोमट असेल तर ही पावडर फारसं काम करत नाही. सकाळीही डाग दिसला, तर पाच लिटर पाण्यात अर्धी वाटी पातळ ब्लीच घालून दहा मिनिटं, जास्त नाही. जास्त वेळ ठेवलं की सुती धागा कमजोर होतो आणि टॉवेल महिन्याभरात फाटायला लागतो.

प्रश्न आला आहे: रंगीत टॉवेलचं काय? ब्लीचला कलपाचा काळा आणि टॉवेलचा निळा यांतला फरक कळत नाही, दोन्ही जातात. ऑक्सिजन पावडर आधी शिवणीच्या आतल्या बाजूला लावून बघा. रंग टिकला तर रात्रभर भिजवा, नाहीतर तो टॉवेल यापुढे कलपाचाच.

दुसरा प्रश्न संगमरवरी ओट्याचा. तिथे व्हिनेगर, लिंबू, ॲसिड काहीही नको, दगडच खातं आणि कायमचा पांढुरका डाग पडतो. डाग जुना, धुऊन घेतलेला असू द्या. औषधाच्या दुकानातून सहा टक्क्यांचं पेरॉक्साइड आणा, खडूच्या भुकटीत कालवून जाडसर लेप द्या, वर प्लास्टिक चिकटवून एक दिवस ठेवा. मग प्लास्टिक काढा, लेप वाळू द्या, खरवडा, धुवा. फिका होत असेल तर आणखी एकदा.