भिंतीला पाठ टेकून पाहिलेलं आभाळ

नमस्कार श्रोतेहो.

बिंदू चौकातून जाताना सबजेलची ती जुनी दगडी भिंत आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. पाहिलेली आहे ती बाहेरून, हातात भाजीची पिशवी घेऊन, रिक्षाला वाट देता देता. आज तुम्हाला अशाच एका भिंतीच्या आतल्या बाजूला घेऊन जायचं आहे. तिथं एक माणूस भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलाय आणि त्याची एक कविता आहे. उण्यापुऱ्या तेरा ओळींची.

कवी तुर्कस्तानचा, नाझिम हिकमत. साल १९३८. झालं असं की या नाझिमच्या कविता लष्करी शाळेतल्या पोरांच्या पेटीत सापडल्या. त्यात शेख बेद्रेद्दिन या पंधराव्या शतकातल्या बंडखोरावरची त्याची दीर्घ कविता होती. ती १९३६ साली छापून बाजारात उघडपणे विकली गेली होती. पण पोरं ती वाचतात म्हणजे सैन्यात बंडाची फूस लावली, असा आरोप आला. एक खटला भूदलाचा, दुसरा नौदलाचा. दोन्ही मिळून शिक्षा झाली अठ्ठावीस वर्षं चार महिने. वय पस्तिशी ओलांडलेलं. म्हणजे सुटून बाहेर येईल तेव्हा म्हातारा झालेला असेल, हा हिशेब कुणालाही बोटांवर करता येईल.

त्याच वर्षीची ही कविता आहे. सुरुवात होते ती ‘बुग्युन पाझार’ अशी. आज रविवार. इथं मी जरा थांबतो, कारण हा ‘पाझार’ शब्द आपला आहे. तोच आपला बाजार. तुर्की भाषेत रविवारचं नावच बाजार. आपल्याकडे वारांवरून पेठा झाल्या, तिकडे बाजारावरून वार झाला. कवितेत पुढे ‘देफा’ येतो, तो आपला दफा, म्हणजे वेळ, खेप. ‘दुवार’ येते, ती दीवार. ‘ह्युर्रियेत’ येतं, ते हुर्रियत, स्वातंत्र्य. आपल्या जुन्या दफ्तरातल्या फारसी-अरबीनं अंगवळणी पडलेले हे आवाज. तुर्की येत नसलं तरी कान देऊन ऐकलं तर मराठी माणसाला ही कविता निम्मी ओळखीची वाटते, म्हणून ती रेडिओवर सांगायला मला विशेष आवडते.

पहिल्या ओळी काय म्हणतात? आज रविवार. आज त्यांनी मला पहिल्यांदा उन्हात आणलं. ‘आणलं’ हे क्रियापद लक्षात ठेवा. मी आलो असं तो म्हणत नाही. ते आणणारे, मी आणला जाणारा. जसं गोठ्यातून जनावर बाहेर काढावं, तसं. आणि मग तो म्हणतो, आयुष्यात पहिल्यांदा मला नवल वाटलं की आभाळ माझ्यापासून इतकं दूर आहे, इतकं निळं आहे, इतकं रुंद आहे. आणि मी न हलता उभा राहिलो.

तुरुंगातल्या कवितांत आभाळ जवळजवळ नेहमी येतं, आणि बहुतेकदा ते कापलेलं असतं. ऑस्कर वाइल्ड रेडिंगच्या तुरुंगात होता. सुटल्यावर लिहिलेली त्याची दीर्घ कविता १८९८ मध्ये आली, ती त्यानं नावानं नाही, आपल्या कोठडीच्या क्रमांकानं छापली. तिच्यात निळ्या कापडाचा एक लहानसा तंबू आहे, ज्याला कैदी आभाळ म्हणतात. ही प्रतिमा फार खरी आहे. चार भिंती आभाळाच्या कडा छाटतात आणि उरतो तो तुकडा.

नाझिम याच्या उलट जातो, आणि माझ्या मते कवितेचं सगळं बळ या उलट जाण्यात आहे. त्याचं आभाळ रुंद होतं. तुरुंगाच्या अंगणातून दिसणारं आभाळ रस्त्यावरून दिसणाऱ्यापेक्षा मोठं कसं असेल? मापानं नसेलच. पण महिनोन् महिने ज्याची नजर हातभर अंतरावरच्या भिंतीवर आपटून परत आलेली आहे, तिला अचानक आपटायला काहीच मिळत नाही. म्हणून विशेषणांचा क्रमही असा आहे: आधी दूर, मग निळं, मग रुंद. रंग पहिला आला नाही, अंतर पहिलं आलं. जो कधी कोंडला गेला नाही तो आधी निळं म्हणेल. डोळ्यांना लांबवर पाहण्याची सवय मोडलेली असते हे ज्याला अंगावर कळलंय, तोच आधी दूर म्हणतो.

आणि इथून पुढे कविता आकसत जाते. आभाळ जितकं रुंदावलं तितकी ओळ अन् ओळ जवळ येत जाते. आभाळावरून नजर उतरते ती जमिनीवर. तो खाली बसतो. कसा बसतो, तर ‘सायगीयला’. आदरानं. हा शब्द अनुवादात गुळगुळीत होतो, पण कोल्हापूरकराला तो समजावून सांगावा लागत नाही. आपला पैलवान आखाड्यात उतरताना वाकतो, लाल मातीला हात लावतो, तो हात कपाळाला नेतो. खासबागेत हे आपण हजारदा पाहिलंय. नाझिम मातीवर बसतो तो तसा. ढासळून बसला नाही, थकून बसला नाही, मातीचा मान ठेवून बसला.

आणि मग, पाठ टेकली भिंतीला.

भिंत कुठली? दुसरी कुठली असणार, तुरुंगाचीच. कवितेत तिच्याविषयी एक वाकडा शब्द नाही. थंडीत आपल्याकडची जुनी माणसं सकाळी घराच्या भिंतीला टेकून कोवळं ऊन खात बसतात ना, ती बैठक आहे ही. ज्या दगडांनी त्याला कोंडायचं, त्यांना त्यानं पाठीला आधार द्यायच्या कामाला लावलंय. भिंत आता समोर राहिली नाही. ती पाठीमागे गेली. समोर फक्त आभाळ आहे. कोठडीत भिंत डोळ्यापुढे होती, अंगणात तो तिच्याकडे पाठ करून बसतो. तुर्कीत तीन शब्दांची ओळ आहे, पण माणसानं आपली दिशा बदललेली आहे.

आता अवघड जागा. पुढच्या ओळींत तो म्हणतो, या क्षणी लाटांत पडणं नाही, या क्षणी झुंज नाही, स्वातंत्र्य नाही, माझी बायको नाही. लाटेला तुर्की शब्द ‘दाल्गा’, आणि बोलीत दाल्गा म्हणजे मनाची तंद्रीही. त्यामुळे इथं अनुवादक एकमेकांपासून फुटतात. कुणी समुद्र घेतात, कुणी विचारात वाहून जाणं, कुणी तर सरळ सापळाच करून टाकतात. मला वाहून जाणं बरोबर वाटतं, कारण कोठडीतला माणूस दिवसभर तेच करत असतो.

पण मोठा प्रश्न वेगळाच आहे. ज्यानं स्वातंत्र्यासाठी तुरुंग पत्करला तो ‘स्वातंत्र्य नाही’ कसं म्हणतो? मी ही कविता काही तरुण मित्रांना वाचून दाखवली तेव्हा एकानं चटकन म्हटलं, हा माणूस खचला. माझ्याही मनात पहिल्या वाचनात ते आलं होतं. मग मी दोन गोष्टींकडे पाहायला लागलो.

एक म्हणजे ‘बू आंदा’ हे शब्द. या क्षणी. दोन ओळींच्या तोंडाशी तो ते दोनदा म्हणतो. हार मानलेला माणूस ‘आता कशाला’ म्हणतो, ‘या क्षणी नाही’ म्हणत नाही. ओझं वाहणारा हमाल वाटेत धोंड्यावर पोतं टेकवतो, तसं हे आहे. पोतं टाकलेलं नाही, टेकवलेलं आहे. आणि दुसरं, तो नावं घेतो. झुंज, स्वातंत्र्य, बायको. जे विसरलं जातं त्याची यादी होत नाही.

ही बायको म्हणजे पिराये. १९४५ मध्ये, कैदेचं आठवं वर्ष चालू असताना, याच माणसानं रात्री नऊ ते दहा ही वेळ तिच्यासाठी राखून ठेवली आणि त्या तासात तिच्यासाठी कविता लिहिल्या. त्या मालिकेचं नावच ती वेळ आहे. म्हणजे रविवारच्या त्या क्षणात जी नव्हती, ती पुढे रोज रात्री होती. झुंजही गेली नव्हती. १९५० साली त्यानं तुरुंगात उपोषण केलं. जगभरातून त्याच्या सुटकेची मागणी होत होती. त्याच वर्षी सार्वत्रिक माफीचा कायदा आला आणि तो बारा वर्षांवर काळ काढून बाहेर पडला. पुढं देश सोडावा लागला, नागरिकत्व गेलं, आणि १९६३ मध्ये मॉस्कोत त्याचा मृत्यू झाला. नागरिकत्व परत मिळालं ते २००९ मध्ये. तेव्हा तो पाहायला नव्हता.

पण आपण अंगणात परत येऊ. सगळं टेकवून झाल्यावर उरतात तीन गोष्टी. माती, ऊन आणि मी. आभाळाएवढ्या पसाऱ्यापासून सुरू झालेली कविता तीन शब्दांवर आली. आणि मग तीनातूनही उरतो एक शब्द, अख्खी ओळ त्याचीच. ‘बाहतियारिम’.

याचा अनुवाद बहुतेक जण ‘मी सुखी आहे’ असा करतात. चूक नाही, पण हलका आहे. कमबख्त हा शब्द तुम्हाला सिनेमातून ठाऊक असेल. बख्त म्हणजे दैव, ते ज्याचं कमी तो कमबख्त. त्याच्या अगदी उलट टोकाला बख्तियार, ज्याला दैवाची साथ आहे तो. अठ्ठावीस वर्षं चार महिन्यांचा कैदी, नुकताच पहिल्यांदा उन्हात आणलेला, म्हणतो की दैव माझ्या बाजूला आहे. मराठीत मी ‘भाग्यवान आहे मी’ असं म्हणेन. सुख त्या दिवशीच्या उन्हातून आलेलं असू शकतं. भाग्यवान म्हणणारा मात्र स्वतःच्या सगळ्या आयुष्याबद्दल बोलतो, त्यात पुढची वर्षंही आली.

आणि व्याकरण पाहा. सुरुवातीला त्यांनी मला आणलं. मग मी उभा राहिलो, मी बसलो, मी टेकलो. शेवटी मी आहे. ज्याला हलवलं जात होतं तो चार पायऱ्यांत स्वतःच्या क्रियापदाचा मालक झाला. एवढ्या आकसत्या जागेत हेच एक वाढत गेलंय.

शेवटची जोडी मात्र कानानं ऐकायची आहे. ‘स्वातंत्र्य नाही, बायको नाही’ या ओळीचा शेवट ‘कारिम’ या शब्दावर होतो. माझी बायको. त्याचं यमक थेट शेवटच्या शब्दाशी. पहिल्या शब्दातला शेवटचा आवाज ‘माझी’ असं सांगतो, दुसऱ्यातला तोच आवाज ‘मी आहे’ असं सांगतो. जिला तो नाही म्हणाला, तिचाच आवाज त्याच्या भाग्याच्या शब्दात परत आलाय. मी दोन्ही सावकाश म्हणतो, ऐका.

कारिम.

बाहतियारिम.