क्रोनोग्राफ वाचायचा कसा?
(पुण्यात घड्याळप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे बऱ्याच जणांच्या मनगटावर क्रोनोग्राफ दिसतोय. बटणं दाबून काटा पळवणं सगळ्यांना जमतं. गाडी अडते ती काटा थांबवल्यानंतर, म्हणजे नेमका किती वेळ झाला हे सांगताना. आज मी बराचसा वेळ त्याच वाचनाला देणार आहे.

आधी बटणं. चावीच्या वरचं, म्हणजे दोनच्या बाजूचं बटण दाबलं की मोजणी सुरू होते, पुन्हा दाबलं की थांबते. चारच्या बाजूचं खालचं बटण काटे शून्यावर आणतं, पण मोजणी थांबलेली असतानाच. फ्लायबॅक जातीच्या घड्याळात चालू मोजणीतही ते दाबता येतं. काटे शून्यावर येतात आणि लगेच पुन्हा धावू लागतात. साध्या यांत्रिक क्रोनोग्राफमध्ये मात्र हा प्रयोग करू नका. चालू असताना खालचं बटण अडल्यासारखं वाटलं तर ते अडलेलंच असतं, तिथे जोर लावायचा नाही.

थांबवल्यावर शून्य न करता वरचं बटण तिसऱ्यांदा दाबलं, तर मोजणी होती तिथून पुढे चालू लागते. ही सोय फार कामाची आहे आणि बहुतेक जण ती कधी वापरतच नाहीत. तिच्याकडे आपण परत येऊ.

आता तबकडी. मध्यभागी जो लांब सडपातळ सेकंदकाटा आहे, तो घड्याळाचा सेकंदकाटा नव्हे. तो मोजणीचा आहे आणि एरवी बाराच्या रेघेवर गप्प उभा असतो. घड्याळाचे रोजचे सेकंद एका छोट्या डायलमध्ये चालतात. ‘काटा बंद आहे, घड्याळ बिघडलंय’ म्हणून दुकानात येणारी माणसं आजही भेटतात! उरलेल्या दोन छोट्या डायलपैकी एक मोजणीची मिनिटं दाखवते, बहुधा तीसपर्यंत, आणि दुसरी तास, बारापर्यंत. कुठली कुठे, हे यंत्रावर ठरतं. व्हॅलजू 7750 या फार पसरलेल्या यंत्रात मिनिटं बाराच्या खाली, तास सहापाशी आणि रोजचे सेकंद नऊपाशी असतात. इतर अनेक घड्याळांत मिनिटं तीनपाशी सापडतात.

सगळ्यात फसवी डायल असते ती चोवीस आकड्यांची. सेइकोच्या व्हीके 63 या क्वार्ट्झ यंत्रावर चालणाऱ्या घड्याळांत ती तीनपाशी असते. लोक तिला मोजणीचे तास समजतात. ती फक्त दिवस की रात्र एवढंच सांगते, तिचा मोजणीशी काही संबंध नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. मोजणी अर्धा-पाऊण तास चालवा, थांबवा, खालचं बटण दाबा. जे काटे शून्यावर परतले ते मोजणीचे, ज्यांच्यावर बटणाचा काही परिणाम झाला नाही ते रोजच्या वेळेचे.

आता वाचन. एक उदाहरण घेऊ. सिंहगड चढायचाय, आतकरवाडीतून पुणे दरवाजापर्यंत. तुम्हाला फक्त चालण्याचा वेळ हवाय. पायथ्याला वरचं बटण दाबलंत. वाटेत ताक प्यायला थांबलात तेव्हा दाबलंत, निघताना पुन्हा दाबलंत. दरवाजात पोचल्यावर शेवटचं दाबलंत. खालच्या बटणाला वाटेत हात लावला नाहीत, म्हणून दोन्ही तुकड्यांची बेरीज घड्याळानंच ठेवली.

घड्याळात 7750 आहे. समोर काय दिसतं? मोठा काटा 58 सेकंदांवर. मिनिटांचा काटा 28 आणि 29 च्या मध्ये, 29 कडे झुकलेला. तासांचा काटा 1 आणि 2 च्या मध्ये, अर्ध्याच्या रेघेला किंचित ओलांडून. चटकन वाचणारा म्हणेल, अर्धा तास उलटलाय म्हणजे तिसाचा दुसरा फेरा चालू आहे. 30 आणि 29 मिळून 59, म्हणजे 1 तास 59 मिनिटं. पार चुकलं.

इथे क्रम उलटा धरायचा. बोलताना आपण तास, मिनिटं, सेकंद म्हणतो. वाचताना सेकंदांपासून वर चढायचं. लहान एकक दाखवणाऱ्या काट्याचं ऐकून मोठं एकक दाखवणाऱ्या काट्याचा अर्थ लावायचा.

सेकंद 58, म्हणजे चालू मिनिट अजून पुरं व्हायचंय. मग मिनिटांचा काटा 29 कडे का झुकला? कारण 7750 मध्ये तो मिनिटभर जवळजवळ स्थिर असतो आणि मिनिट भरत आलं की शेवटच्या एक-दोन सेकंदांत उचलला जाऊन पुढच्या रेघेवर पडतो. तो वाटेत पकडला गेलाय. म्हणून मिनिटं 28.

आता तास. मिनिटांची डायल तिसाची असल्यामुळे 28 चे दोनच अर्थ संभवतात, 1 तास 28 मिनिटं किंवा 1 तास 58 मिनिटं. पहिल्यात तासांचा काटा दीडच्या रेघेला लागून हवा, दुसऱ्यात 2 ला भिडत आलेला हवा. तो दीडपाशी आहे, म्हणून वेळ 1 तास 28 मिनिटं 58 सेकंद.

पण तो दीडच्या किंचित पुढे होता, त्याचं काय? काही नाही. त्या चिमुकल्या डायलवर तास म्हणजे 30 अंश, दोन मिनिटं म्हणजे अवघा एक अंश. काटा बसवताना किंवा गिअरांच्या ढिलाईमुळे एवढा फरक सहज पडतो. त्या काट्याला ‘अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे’ असं विचारलंत तर अर्ध्याच्या आसपास तो हमखास खोटं बोलेल. ‘या दोन जागांपैकी कुठली जवळ’ असं विचारा. त्या दोन जागांमध्ये नेहमीच अर्ध्या तासाचं, म्हणजे 15 अंशांचं अंतर असतं, त्यामुळे थोडा वाकडा बसलेला काटाही बरोबर उत्तर देतो.

पडताळाही घेता येतो. निघताना साध्या काट्यांवर 6 वाजून 10 मिनिटं झाली होती, पोचताना 7 वाजून 51. एकूण 1 तास 41 मिनिटं. त्यातून जवळपास 1 तास 29 मिनिटं वजा केली की ताकाला 12 मिनिटं लागली असं निघतं. हे पटण्यासारखं आहे. 1 तास 59 मिनिटं वाचली असती तर चालणं एकूण वेळेपेक्षाच जास्त झालं असतं.

सेकंदाच्या खाली किती जायचं? 7750 ताशी 28,800 ठोके देतो, सेकंदाला आठ. म्हणजे काटा सेकंदाच्या आठव्या भागानं पुढे सरकतो. तबकडीवर पाचव्या भागाच्या रेघा छापलेल्या असल्या तर काटा त्यांच्यावर नेमका बसणार नाही, तो दोष नव्हे. त्यात आपलं बोट डोळ्यांपेक्षा मागे राहतं. म्हणून अंगठा बटणावर आणि तर्जनी केसच्या पलीकडच्या कडेला ठेवून आधीच हलका ताण द्या, म्हणजे ऐन वेळी बटणाचा प्रवास कमी उरतो. सुरू करताना आणि थांबवताना बोट एकाच पद्धतीनं ठेवलंत तर दोन्हीकडचा उशीर बराचसा एकमेकांना खाऊन टाकतो.

शेवटी एक सवय. मोजणीआधी खालचं बटण दाबून मोठा काटा बाराच्या रेघेवर नीट येतोय ना ते पाहा. क्वार्ट्झमध्ये तो सेकंदभर बाजूला उभा राहत असेल तर बऱ्याच यंत्रांत चावी बाहेर ओढून बटणानं तो रेघेवर आणता येतो. कुठलं बटण ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. यांत्रिक घड्याळात काटा दर वेळी सारखाच बाजूला येत असेल तर तो वाकडा बसवलेला आहे, रेघेच्या पुढे येत असेल तर तेवढे सेकंद वजा करून, मागे राहत असेल तर मिळवून काम भागतं. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबत असेल तर तो दांड्यावर सैल झालाय. अशा काट्यानं मोजू नका, घड्याळ कारागिराकडे न्या.